पनीर, टोफू आणि सोयाबीन वडी: पाकिटावरचं प्रोटीन आणि ताटातलं प्रोटीन

"मॅडम, मी ५३ वर्षांची, वजन ६० किलो. पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, हाडांची घनता थोडी कमी निघाली आहे आणि थायरॉईडची गोळी सुरू आहे. मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. मुलगा जिमला जातो, तो म्हणतो पनीर सोड, सोयाबीन वडीत ५२ टक्के प्रोटीन आहे. सूनबाई म्हणते वडी म्हणजे कारखान्यातला माल, त्यापेक्षा टोफू खा, त्यात कॅल्शियमही भरपूर. घरी तिघांची तीन मतं. नेमकं काय आणि किती खायचं?"

ताई, आधी मुलाच्या त्या ५२ चा निकाल लावू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आकडा खरा आहे. पाकिटावर तो छापलेलाही असतो. पण तो कोरड्या वडीचा आहे, आणि कोरडी वडी कोणी खात नाही. पनीर आणि टोफूचे आकडे मात्र ओल्या मालाचे असतात, कारण ते विकलेच ओले जातात. म्हणजे एका पारड्यात वाळवलेली चीज आणि दुसऱ्यात पाण्यासकटची, असं ते वजन चाललंय.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कायम असतो. परवाच पुन्हा करून पाहिलं. ३० ग्रॅम कोरडी वडी मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळली, गार पाण्यातून काढली, मुठीत घट्ट पिळली आणि काट्यावर ठेवली. भरली ८५ ग्रॅम. प्रोटीन काही वाढलं नाही, साधारण साडेपंधरा ग्रॅमच राहिलं, वाढलं ते पाणी. हिशेब केला तर १०० ग्रॅम भिजलेल्या वडीत अठरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन निघतं. चांगल्या पनीरमध्येही १०० ग्रॅमला तेवढंच, १८ ते २० ग्रॅम असतं. म्हणजे कढईत पडेपर्यंत दोघांचं प्रोटीन जवळपास सारखं झालेलं असतं. तुम्ही वडी कमी पिळली तर वजन आणखी वाढेल आणि आकडा आणखी खाली येईल.

माझ्याकडे एक बाई यायच्या, बँकेत नोकरी. तीन महिने रोजच्या जेवणाची वही लिहून आणली, अक्षरही मोत्यासारखं. वहीत आठवड्यातून चार दिवस "सोयावडी १०० ग्रॅम, प्रोटीन ५२" असं लिहिलेलं. त्यांच्या हिशेबाने त्या दिवशी ८०-८५ ग्रॅम प्रोटीन जात होतं, तरी थकवा हटेना, केस गळायचे थांबेनात. विचारलं, वजन कधी करता? तर म्हणाल्या, भिजवून पिळल्यावर, कढईत टाकायच्या आधी. म्हणजे प्रत्येक वेळी चौतीस ग्रॅम कागदावरच जात होते. थकव्याला आणि केसांना दुसरीही कारणं असतात, तीही तपासली, पण ही वही आधी दुरुस्त करावी लागली. तेव्हा घरात नियम एकच ठेवा: वडी मोजायची ती कोरडी असताना. माणशी ३० ते ३५ ग्रॅम. तुमच्या घरातल्या वाटीत तेवढी वडी कुठवर येते ते एकदा काट्यावर बघून ठेवा, कारण बारीक वडी वाटीत जास्त बसते आणि मोठी कमी.

आता तिन्ही चिजा एकाच मापाने बघू. १८ ग्रॅम प्रोटीन पाहिजे असं धरू, दुपारच्या जेवणासाठी तेवढं भरपूर झालं. त्यासाठी पनीर लागेल १०० ग्रॅम. टोफू बाजारात फार कमी-जास्त मिळतो, पण १०० ग्रॅमला १३ ग्रॅमवाला नेहमीचा घट्ट टोफू धरला तर तो लागेल १४० ग्रॅम. वडी लागेल ३५ ग्रॅम कोरडी. प्रोटीनचा दर्जा म्हणाल तर दुधाचं थोडं वरचढ आणि सोयाचं त्याच्या अगदी मागोमाग आहे. डाळींमध्ये सोयाबीन हे या बाबतीत सगळ्यात पुढचं, आणि वर पोळी किंवा भाकर असतेच, त्यामुळे तुमच्यासाठी हा फरक विसरून चालेल. खरा फरक आहे तो प्रोटीनसोबत आणखी काय येतं यात.

पनीरसोबत येतं फॅट. हा नुसता अंदाज नाही, कायद्यातच आहे. एफएसएसएआयच्या व्याख्येप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांच्या वर नको, आणि पाणी वगळून जो कोरडा भाग उरतो त्यात निम्म्याहून कमी दुधाचं फॅट चालत नाही. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये कोरडा भाग किमान ४० ग्रॅम आणि त्यातलं किमान २० ग्रॅम फॅट. प्रत्यक्षात २२ ते २५ सापडतं. दुधाच्या फॅटमधलं साठ टक्क्यांच्या वर संपृक्त असतं, तेव्हा १०० ग्रॅम पनीरमागे चौदा ग्रॅम संपृक्त फॅट पोटात गेलं. मिस्टरांसारख्या कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला दिवसभराचीच मर्यादा पंधरा-अठरा ग्रॅमच्या आसपास ठेवायची असते, आणि त्यात पोळीवरचं तूप अजून धरलेलंच नाही. त्याच १८ ग्रॅम प्रोटीनसाठी टोफूमधून साधारण दहा ग्रॅम फॅट येतं, तेही बहुतेक असंपृक्त. वडीतून जवळजवळ काहीच येत नाही. उष्मांक बघितले तर पनीरचे पावणेतीनशेच्या आसपास, टोफूचे १८० आणि वडीचे १२०.

याचा अर्थ पनीर सोडा असा नाही. तुमच्यासाठी तर नाहीच, कारण कॅल्शियम. पण पनीर कशाचं आहे हे आधी पाहावं लागतं. दूध न वापरता पामतेल, दुधाची पावडर आणि स्टार्च घालून बनवलेला माल "पनीर" म्हणून खपवला जातो. दुकानातून सुटं आणलं असेल तर मी आधी गणित करायला सांगते. एक लिटर म्हशीच्या दुधातून जेमतेम दोनशे, फार तर सव्वादोनशे ग्रॅम पनीर निघतं. किलोभर पनीरला पाच लिटर दूध लागलं. दूध ७० रुपये लिटर धरा, नुसत्या दुधाचेच ३५० झाले. गॅस, मजुरी, दुकानदाराचा नफा वेगळा. मग कोणी २२० रुपये किलोने पनीर देत असेल तर ते दुधाचं नाही, एवढं कळायला प्रयोगशाळा नको. घरी आयोडीनची चाचणी करता येते. तुकडा पाण्यात उकळायचा, गार करायचा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. पण रंग आला नाही म्हणजे पनीर शुद्ध, असं मात्र समजू नका. आयोडीन पामतेल ओळखत नाही. स्टार्च न घालता पामतेलाचं केलेलं पनीर या चाचणीत आरामात पास होतं.

मिस्टरांसाठी पनीर घरी करा, दीड टक्का फॅटच्या डबल टोन्ड दुधाचं. त्यातून १०० ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम फॅट येतं, म्हणजे बाजारच्या निम्मं. लोकांची तक्रार असते की ते रबरासारखं होतं. ते होतं, कारण उकळत्या दुधातच लिंबू पिळतात. दूध उकळलं की गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा, मग लिटरला दोन ग्रॅम लिंबूफूल अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून हळूहळू घाला, हलक्या हाताने ढवळा. पाणी हिरवट, आरपार दिसायला लागलं की तिथेच थांबा, आम्ल उरलं तरी ओतू नका. हे थांबणं फक्त चवीसाठी नाही. दुधातलं बरंचसं कॅल्शियम प्रोटीनला चिकटलेलं असतं, आणि आंबटपणा वाढत जातो तसं ते सुटून पाण्यात उतरतं. गाईच्या एक लिटर दुधात बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्याच्या पनीरमध्ये येतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. बाकी त्या हिरवट पाण्यात गेलं. म्हणून ते पाणी मोरीत ओतू नका, कणीक त्यात भिजवा किंवा वरणात घाला. थोडं आंबट लागेल, वरणाला ते शोभतंही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे टोफूचं कॅल्शियम. सूनबाईंचं बरोबर आहे आणि चूकही आहे. ती कुठला टोफू आणते यावर ते अवलंबून आहे, आणि ही गोष्ट लोकांना माहीतच नसते.

टोफूची कृती पनीरसारखीच. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, पाण्यात वाटायचं, उकळायचं, फडक्यातून गाळायचं. हे झालं सोयादूध. ते नासवायचं, दाबायचं, पाणी काढायचं. गाळताना चोथा वेगळा होतो, तो बहुतेक ठिकाणी गुरांना जातो, आणि त्याच्याबरोबर बराचसा फायबरही जातो. म्हणून सोयाबीनचा असूनही टोफूत फायबर फारसा नसतो. सोयादुधात कॅल्शियम मुळात कमी असतं. टोफूत जे भरपूर कॅल्शियम सांगतात ते सोयाबीनमधून आलेलं नसतं, नासवण्यासाठी जे टाकतात त्यातून आलेलं असतं. पारंपरिक पद्धतीत दोन क्षार वापरतात. एक कॅल्शियम सल्फेट, म्हणजे खाण्याच्या दर्जाचं जिप्सम. दुसरं मॅग्नेशियम क्लोराईड, ज्याला जपानी लोक निगारी म्हणतात. कॅल्शियम सल्फेटने जमवलेल्या टोफूत १०० ग्रॅमला साडेतीनशेपासून घट्ट टोफूत साडेसहाशेपर्यंत मिलिग्रॅम कॅल्शियम मिळू शकतं. म्हणजे पनीरच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त. आणि ते शरीरात शोषलंही दुधाइतकंच जातं, साधारण तीस टक्के. पण तोच टोफू लिंबूफूल किंवा व्हिनेगर घालून जमवला तर कॅल्शियम बाहेरून आलंच नाही. उरलं ते सोयाबीनचं स्वतःचं, १०० ग्रॅमला शंभरच्या आसपास. दिसायला दोन्ही पांढरे चौकोन. चवीत फरक असतो, पण मसाल्यात तो कळत नाही.

ही फसगत मी जवळून पाहिली आहे. एक निवृत्त शिक्षिका, हाडं ठिसूळ होण्याच्या उंबरठ्यावर. दूध पचत नाही म्हणून दूध, दही, पनीर सगळं बंद केलं आणि रोज दीडशे ग्रॅम टोफू सुरू केला. मोबाईलवर कुठेतरी वाचलेला आकडा धरून त्या म्हणायच्या, मला टोफूतूनच रोज पाचशेच्या वर कॅल्शियम मिळतंय, गोळी कशाला? मी म्हटलं, उद्या येताना पाकीट घेऊन या. पाकिटावर घटक तीनच: सोयाबीन, पाणी, आम्लता नियामक ३३०. हा ३३० म्हणजे लिंबूफूल. वर्षभर त्यांना टोफूतून दिवसाला दीडशे मिलिग्रॅम जेमतेम मिळत होतं. बनवणाऱ्याने काही खोटं छापलं नव्हतं. कॅल्शियमचा दावा त्याने केलाच नव्हता, तो मोबाईलवरून आला होता.

तेव्हा पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराईड, यापैकी एक आकडा असला तर तो टोफू तुमच्या कामाचा. ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड. त्यातून कॅल्शियम मध्यम ते कमीच मिळतं, प्रोटीनसाठी चालेल. ३३० किंवा ५७५ असला, म्हणजे आम्लाने जमवलेला असला, तर प्रोटीनसाठी खुशाल खा, पण हाडांच्या हिशेबात धरू नका. काही पाकिटांवर पोषणाच्या तक्त्यात कॅल्शियम थेट मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, तेव्हा तोच आकडा धरा. सुटा टोफू घेत असाल तर दुकानदाराला विचारा, कशाने जमवता? उत्तर येत नसेल तर कॅल्शियम शून्य धरून चाला. तिथेच प्रोटीनही बघून घ्या. मऊ, रेशमी टोफूत १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅमच प्रोटीन असतं, घट्टमध्ये बारा ते सोळा. पाकिटातलं पाणी वजनात पकडू नका, पाण्यातून काढून निथळलेल्या तुकड्याचं वजन करायचं.

वडीत कॅल्शियम पाकिटावर बरं दिसतं, १०० ग्रॅमला साडेतीनशे. पण तुम्ही खाणार ३५ ग्रॅम, म्हणजे सव्वाशेच्या आत. वर सोयाबीनमधलं फायटेट त्यातलं काही धरून ठेवतं. लोहाचंही तसंच होतं, आकडा मोठा आणि हाती कमी. म्हणून हाडांसाठी वडी हे उत्तर नाही. तिचं काम वेगळं आहे: फॅट न वाढवता प्रोटीन देणं, जोडीला साडेचार ग्रॅम फायबर, आणि तेही पनीरच्या किमतीच्या काही हिश्श्यात.

आता "कारखान्यातला माल" या आक्षेपाकडे येते. तो पोकळ नाही. आपल्या विदर्भात सोयाबीन शेतात पिकतं तसं ते तेलगिरण्यांमध्येही जातं, आणि वडीचा जन्म शेतापेक्षा गिरणीत जास्त होतो. सोयाबीन भरडून, टरफल काढून, पातळ पापड्या करून त्यांवर हेक्झेन नावाचं द्रावक सोडतात. ते तेल ओढून घेतं. नंतर वाफेने द्रावक उडवून लावतात. उरलेल्या पेंडीला व्यापारात डीओसी म्हणतात. बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. खाण्याच्या दर्जाची असेल तिचं पीठ दळतात, त्यात पाणी मिसळतात आणि एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून दाबाखाली, दीडशे अंशांच्या आसपास तापवून बाहेर ढकलतात. दाब सुटताच आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि पीठ फुलतं. वडीत जी जाळी दिसते ती त्या वाफेची. कुरमुरा कसा फुलतो ते आठवा, जवळपास तेच.

तर प्रक्रियेच्या पायऱ्या मोजल्या तर वडी सगळ्यात पुढे. पनीर आणि टोफू हे घरच्या चुलीवर होतात, वडी घरी करताच येत नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी अन्नाचे प्रक्रियेनुसार चार गट पाडले आहेत, नोव्हा म्हणतात त्याला. त्यात पनीर आणि टोफू सहसा तिसऱ्या गटात बसतात, म्हणजे साधी प्रक्रिया केलेले. वडी बहुतेक वेळा चौथ्या, अतिप्रक्रिया गटात टाकतात. पण मी तिला चिप्सच्या आणि बिस्किटांच्या रांगेत उभी करत नाही. साध्या वडीच्या पाकिटावर घटक एकच असतो, तेल काढलेलं सोयापीठ. साखर नाही, मीठ नाही, रंग नाही, वास नाही. उलट यंत्रातल्या उष्णतेने एक कामही होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनच्या पचनाला अडवणारे घटक असतात, ते त्यात बरेचसे निकामी होतात. गट चौथा असेल, पण त्या गटाला बदनाम करणाऱ्या गोष्टी साध्या वडीत नाहीत. त्या सापडतात मसाला लावलेल्या, "दोन मिनिटांत तयार" वडीच्या पाकिटात. तिथे मिठाचा आकडा बघा. आणि सोयाचाप म्हणाल तर ती वडी नव्हेच. चापेत सोयाबरोबर मैदा बराच असतो, ती तळतात, वर साय आणि लोणी लावतात. मुलगा जिमवरून येताना चाप खाऊन प्रोटीन खाल्लं म्हणत असेल तर त्याला हे वाचायला द्या.

वडीची खरी अडचण तिच्या जाळीत आहे. ती पाणी जशी ओढते तशी तेलही ओढते. आपल्याकडे सावजी मसाल्यात वडीचा रस्सा करतात, मलाही आवडतो. पण एकदा त्यातली एक वडी बशीत काढा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. बशीत जी लाल तर्री पसरेल त्यात पाणी किती आणि तेल किती ते डोळ्यांनाच दिसेल. माणशी दोन चहाचे चमचे तेल त्या रश्श्यात गेलं तर दहा ग्रॅम फॅट झालं, म्हणजे टोफूच्या बरोबरीला आलो. चार चमचे गेले तर पनीरच्या. "वडीत फॅट नाही" हे वाक्य पाकिटापुरतंच खरं.

यावर साधा उपाय आहे. वडी उकळा, दोनदा गार पाण्यात धुऊन घट्ट पिळा. याने सोयाबीनचा उग्र वासही जातो आणि पोटात गॅस करणाऱ्या साखरेचा थोडा भागही पाण्याबरोबर निघून जातो. मग पिळलेली वडी तेलात न परतता अर्धी वाटी दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ यात अर्धा तास ठेवा. जाळी दह्याने भरली की तेलाला जागा उरत नाही. फोडणी दोन माणसांना मिळून दोन चमचे तेलाची, त्यात कांदा, टोमॅटो, वाटलेलं थोडं खोबरं आणि खसखस. वडी शेवटी, दहा मिनिटं झाकण ठेवून. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. रस्सा लाल दिसणार नाही, पण वडी आतून मऊ आणि रसाळ राहते. वडी चावायला चामड्यासारखी लागली तर समजा, उकळलीच कमी गेली.

आता तुमचा दिवस मांडू. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. कॅल्शियम पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम. तुम्ही दोन वेळा चहा, एक वाटी दही, दोन वेळा पोळी-भाजी-वरण खाता असं धरते. चहातल्या दुधातून सव्वाशे, दह्यातून पावणेदोनशे, बाकी पानातून दोन-अडीचशे, असं पाचशे-साडेपाचशे जमतं. सहाशेच्या वर कमी पडतंय. प्रोटीन पस्तीसच्या आसपास, तिथे पंधरा कमी. म्हणजे तुमची तूट प्रोटीनपेक्षा कॅल्शियमची मोठी आहे, आणि मुलाचा सल्ला नेमका प्रोटीनचा आहे.

यावरून कुठल्या दिवशी काय ते ठरतं. ५१६ वाला टोफू मिळाला तर आठवड्यातले तीन दिवस दीडशे ग्रॅम. तेवढ्यात प्रोटीनची तूट भरते आणि कॅल्शियमचे पाचशेच्या वर येतात. दोन दिवस घरचं पनीर ७५ ते १०० ग्रॅम, त्यातून कॅल्शियमचे तीनशे-चारशे. दोन दिवस वडी ३० ग्रॅम. वडीच्या दिवशी प्रोटीन पुरेल पण कॅल्शियम लंगडं राहील, म्हणून त्या दिवशी दह्याची एक वाटी जास्त घ्या आणि भाकरीसोबत न सोललेल्या तिळाची चटणी दोन चमचे, त्यातही शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम असतं. इतकं करूनही रोजचे १२०० पूर्ण होतीलच असं नाही, तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल तर टोफू सुरू केला म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. ते कमी असेल तर पनीर आणि टोफू दोन्हीतलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

मिस्टरांसाठी हेच पान उलटं फिरवा: वडी तीन दिवस, टोफू तीन दिवस, पनीर एक दिवस आणि तेही डबल टोन्डचं. त्यांना टोफूवरचा आकडा बघायची तेवढी निकड नाही. मुलाला तिन्ही चालतील. सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात असं कोणी जिममध्ये त्याला सांगितलं असेल तर ताटात खातो तेवढ्या प्रमाणात माणसांवरच्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही.

राहिली तुमची थायरॉईडची गोळी. सोया खाल्ल्याने थायरॉईड बिघडतं म्हणून तुम्हाला कोणी बंदी घातली असेल, पण अडचण ग्रंथीपेक्षा गोळीच्या शोषणाची आहे. सोया पोटात असेल तर गोळी पूर्ण शोषली जात नाही. पनीर, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. टोफू, वडी, पनीर यातलं काहीही नाश्त्याला नको, दुपारी किंवा रात्री खा, म्हणजे मध्ये चार तास आपोआप पडतात. कॅल्शियमची गोळीही रात्रीच्या जेवणाबरोबर. आणि सोया नव्याने रोजच्या जेवणात आणताय, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच एकदा करून घ्या. वाढलेला निघाला तर टोफू बंद करायच्या आधी गोळीची वेळ तपासा. माझ्याकडे आलेल्यांत बहुतेक वेळा चूक तिथेच सापडली आहे, सकाळी सातला गोळी आणि साडेसातला टोफूची भुर्जी.